गावाकडची आठवण विचारणारा हवालदार

यंदा तिबेटातून माणसं डोंगर ओलांडून आली, आणि आमच्या लॉ कॉलेजातल्या पोरांना एकदम आंतरराष्ट्रीय कायद्याची गोडी लागली. एरवी संध्याकाळच्या तासाला निम्मे बाक रिकामे असतात. परवा एकानं विचारलं, "सर, निर्वासित म्हणजे नक्की कोण?" मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, "पिंपरीचे सिंधी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोक्याला हात लावला.

अरे बाबांनो, आपण त्यांना निर्वासित म्हणतो, छावणीला निर्वासितांची छावणी म्हणतो, ते ठीक आहे. घरदार सोडून आले, त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. पण ते आपल्या घटनेनं नागरिक झाले. त्यांना परत धाडायचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. त्यांना घर पाहिजे होतं, दुकानाला गाळा पाहिजे होता. जिनिव्हाच्या एक्कावन्न सालच्या करारातला निर्वासित वेगळा. तो आपल्या देशाबाहेर असतो, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटात असणं किंवा राजकीय मत यांपैकी कशापायी तरी घरी छळ होईल अशी त्याला साधार भीती असते. आणि त्या भीतीपायी स्वतःच्या सरकारच्या आसऱ्याला तो जाऊ शकत नाही, किंवा जायला धजत नाही. पोरं भराभर लिहून घेत होती. लिहा, लिहा. परीक्षेला उपयोगी पडेल. मला मात्र फळ्यासमोर उभं राहून तात्याबा येळवंडे आठवत होता, आणि खरं सांगायचं तर खूप थकल्यासारखं वाटत होतं.

तात्याबा निघोज्याचा. शेतकरी घरातला, थोरल्या भावाच्या हाती जमीन ठेवून पोलिसात गेलेला. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो पिंपरीच्या चौकीत हवालदार होता. उंच, जरा वाकलेला, पाय सपाट, त्यामुळे चालताना बूट आपटायचे आणि माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. बायको कुशाबाई गावाकडंच राहायची. सुट्टी मिळाली की सायकल काढून तिकडं जायचा आणि येताना पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर बाजरीचं पीठ घेऊन यायचा. कुणावर कधी हात उचलल्याचं ऐकलं नाही. फौजदार त्याला तोंडावर म्हणायचे, "तात्याबा, तू चुकून या खात्यात आलास." तो हसायचा आणि तंबाखू मळायला लागायचा.

छावणी वसली तेव्हा नोंदीच्या कामाला त्याला लावलं होतं. माणसं कराचीची, शिकारपूरची. भेदरलेली. खाकी कपडा बघितला की तोंडं गप्प. तात्याबानं यावर एक उपाय शोधला. जबाब घ्यायच्या आधी तो विचारायचा, "गाव कंचं? घरी कोन कोन व्हतं? आठवन येती का गावाकडची?" एवढं विचारलं की बाई असो, म्हातारा असो, बांध फुटायचा. मग सगळं नीट सांगायचे. कुणी कुणी त्याला पापड पाठवायचे. ही त्याची पद्धतच पडून गेली. तो मला एकदा म्हणाला होता, "वकीलसाहेब, मानसाला आदी मानूस म्हून इचारावं, मंग आरोपी म्हून." मला ते फार आवडलं होतं. मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंही.

आता मनुचेहरची गोष्ट. हा इराणी. आबादानच्या तेलाच्या शहरात छापखान्यात खिळे जुळवायचा. कामगारांच्या पक्षाची पत्रकं छापायचा, आणि तो पक्ष तिथल्या सरकारनं बेकायदा ठरवलेला. चोपन्न साली तिकडं धरपकड सुरू झाली. ज्याच्याबरोबर तो एकाच यंत्रावर काम करायचा त्या मित्राला गोळ्या घातल्या. मनुचेहर बसऱ्यावरून बोटीनं मुंबईला आला, रीतसर पासपोर्ट घेऊन. तिथून नात्यातल्या एकानं त्याला पिंपरीच्या स्टेशनाजवळच्या इराण्याच्या हॉटेलात भट्टीवर लावून दिलं. तेव्हा पलीकडं पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता, गवंडी, सुतार, फिटर सगळे सकाळी त्याचा पाव खायचे. नाव कुणाला म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे त्याला मनूशेठ म्हणायचे. शेठ कसला, अंगावर कायम पिठाचा थर आणि पायात फाटक्या सपाता.

छप्पन साली पासपोर्टाची मुदत संपली. त्याच्या देशाच्या वकिलातीनं नवा द्यायला नकार दिला आणि म्हटलं, परत ये, तिथंच मिळेल. पासपोर्ट नाही म्हटल्यावर इथं राहायचा परवानाही वाढेना. चौकशीचा कागद फिरत फिरत पिंपरीच्या चौकीत आला. फौजदार सोपानरावांनी तो तात्याबापुढं टाकला. "तो पाववाला. जबाब घे आणि मोकळा हो."

तात्याबानं त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि सवयीनं विचारलं, "मनूशेठ, गावाकडची आठवन येती का?"

मनुचेहरला दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो रडला. म्हणाला, रोज येते. आई आहे, खजुराची चार झाडं आहेत, नदी आहे. "जावंसं वाटतं?" "बहोत वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं."

मग तात्याबानं लेखणी उचलली. आता इथं चौकीतली एक रीत सांगायला हवी. मुदत संपलेला परदेशी माणूस "जाणार नाही" म्हणाला, तर त्याला कोठडीत बसवायचे. "जातो" म्हणाला, तर त्याला त्याच्या खोलीवरच राहू द्यायचे. त्यामुळे भल्या स्वभावाचे पोलीस "जातो" असंच लिहून टाकायचे, तेवढीच गरिबाची कोठडी टळते. तात्याबानं लिहिलं : 'सदर इसमास स्वदेशाची ओढ असून तो स्वखुशीने परत जाण्यास राजी आहे. जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.' वाचून दाखवलाही, मराठीत, घाईघाईनं. मनुचेहरनं उजवीकडून डावीकडं सही केली आणि पुन्हा भट्टीवर गेला. तात्याबाला वाटलं, आज एक पुण्याचं काम झालं.

महिना-दीड महिन्यानं मुंबई सरकारचा हुकूम आला. देश सोडावा. पोलीस पहाऱ्यात मुंबईच्या धक्क्यावर न्यावं आणि खोर्रमशहरला जाणाऱ्या बोटीवर बसवून द्यावं. हुकूम बजवायला तात्याबाच गेला, आणि तोही मजेत. दारातूनच ओरडला, "मनूशेठ, पेढे काढा! चालला की गावाकडं!"

मनुचेहरनं भट्टीतून पावाचा पत्रा काढला होता. तो पत्रा हातातून तसाच खाली पडला. तोंडचं पाणी पळालं त्याच्या. मालकानं हुकूम फारसीत समजावून सांगितला, तसा तो जमिनीवर बसला आणि आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "बंदर पे ही पकडेंगे. मेरा नाम है उनके पास." मग बंदूक धरल्यासारखे हात केले. तात्याबा मला नंतर सांगायचा, त्या वेळी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण काय लिहिलं.

हॉटेलमालकानं मला गाठलं. मी कागद मागवले, जबाब वाचला, आणि असा भडकलो की त्याच दुपारी पिंपरी गाठली. चौकीच्या मागं तात्याबा बसला होता.

"हे काय लिहून ठेवलंस? राजी? हा माणूस राजी आहे?"

"जावंसं वाटतं म्हनला, साहेब."

"अरे, वाटतं आणि जातो यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे! मला लग्नाआधीच्या वयात परत जावंसं वाटतं, म्हणून मला नेऊन सोडणार आहेस का?"

माझा राग उतरेना. मी त्याला सगळं ऐकवलं. म्हटलं, सरकारला परदेशी माणसाला हाकलायचा अधिकार आहे, पुरता आहे. गेल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं एका जर्मनाच्या खटल्यात ते स्पष्ट केलंय. म्हणजे हायकोर्टात जाऊन मी भिंतीवर डोकं आपटणार. राहिली एकच वाट, सचिवालयात जाऊन विनंती करायची, की बाहेर काढा पण तिकडं धाडू नका. साऱ्या जगात आता एक गोष्ट मानायला लागलेत, ज्या हद्दीत माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य त्याच्या मतांपायी धोक्यात आहे, त्या हद्दीकडं त्याला कुठल्याही तऱ्हेनं परत लोटायचं नाही. पण ते लोटण्याबद्दल आहे. माणूस आपल्या पायानं, आपल्या मनानं परत निघाला तर त्याला कुणी अडवत नाही. आणि तू लिहून बसलास की हा आपल्या मनानं निघालाय! माझ्या पायाखालची फळीच काढून घेतलीस.

तात्याबानं भिंतीला पाठ टेकली. मग विचारलं, "मी येऊन सांगितलं, की ते माज्या मनचं हाय, तर?"

"तर चौकशी लागेल तुला. खोटा जबाब लिहिला म्हणून. पेन्शनीला किती वर्षं राहिली?"

"थोडीच." तंबाखूची डबी त्यानं उघडली, बंद केली. "कुशाबाईला काय सांगू?" असं काहीतरी पुटपुटला आणि उठला. मला वाटलं, संपलं. माणूस घाबरला. त्याला दोष तरी काय द्यायचा? मी कंटाळून बस पकडली.

सचिवालयात उपसचिवांपुढं आमची वेळ ठरली होती. मी आणि मनुचेहर व्हरांड्यात बाकावर. त्यानं मालकाचा कोट घातलेला, बाह्या आखूड. आत बोलावणं येणार इतक्यात जिन्यावरून बूट आपटल्याचा आवाज आला. तात्याबा होता. रजा टाकून आला होता, पण कपडे गणवेशाचे. म्हणाला, "साध्या कपड्यात सांगितलं तर कोन ऐकतंय?"

उपसचिव हुशार गृहस्थ, आणि माझ्याइतकेच कंटाळलेले. समोर कागदांचा ढीग. मला म्हणाले, "वकीलसाहेब, आपण त्या करारावर सही केलेली नाही."

"माहीत आहे, साहेब."

"आणि केली असती तरी तो करार एक्कावन्नच्या आधी घडलेल्या गोष्टींपुरता. तुमच्या माणसाची भानगड चोपन्नची. म्हणजे दोन्हीकडून हा बाहेर."

"तेही माहीत आहे. मी हक्क मागायला आलोच नाही. पण अठ्ठेचाळीसच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला आपण हात वर करून होकार दिला होता. छळातून पळालेल्या माणसाला दुसरीकडं आसरा मागता येतो, असं त्यात आहे. बंधन नाही, कबूल. तरी आपण बोललेला शब्द आहे. आणि सुप्रीम कोर्टानं तुम्हांला हाकलायचा अधिकार आहे एवढंच सांगितलं. तो वापरलाच पाहिजे, आणि असाच वापरला पाहिजे, असं कुठं सांगितलंय?"

ते जरासे हसले. मग मनुचेहरकडं वळून हिंदीत विचारायला लागले, आणि मला आवडलं, कारण प्रश्न नेमके होते. कुणाला मारलं का? नाही. बॉम्ब, हत्यार? नाही. इथं येऊन काही राजकारण? पाव भाजतो. तिकडं खटला कशाचा? पत्रकं छापल्याचा. चोरी-मारामारीचा गुन्हा असता तर आम्ही तुला वाचवत बसलो नसतो, ते म्हणाले. मी मान हलवली. खुनी माणसाला लपायला हा आडोसा नाही, करारातसुद्धा त्यांना वगळलंय.

"भीती खरी दिसते," उपसचिव म्हणाले. मग त्यांनी जबाबावर बोट ठेवलं. "पण मग हे काय? स्वखुशीने राजी. खाली त्याची सही. ज्याला फासाची भीती आहे तो असं लिहून देईल? एक तर हे खोटं, नाहीतर आज तुम्ही सांगता ते खोटं."

इथंच घोडं अडणार हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत तात्याबा पुढं झाला. सलाम केला.

"ते खोटं हाय, साहेब. मी लिव्हलं."

"तुम्ही कोण?"

"हवालदार येळवंडे. पिंपरी. मी ह्याला इचारलं, गावाकडची आठवन येती का. ह्यो म्हनला, येती. जावंसं वाटतं का. म्हनला, वाटतं. एवढंच झालं. परत धाडू का, असं मी इचारलंच न्हाई, आन् ह्यो राजी हाय म्हनलाच न्हाई. ते माज्या पदरचं. कोठडी टळावी म्हून."

"त्याला वाचून दाखवलंत?"

"मराठीत. ह्याला कुठं कळतंय?"

उपसचिवांनी चष्मा काढला. "याचा अर्थ काय होतो, माहीत आहे ना, हवालदार? हे मला लिहून ठेवावं लागेल."

"लिवा," तात्याबा म्हणाला. "आठवन तर मलाबी येती, साहेब. निघोजं हितनं काय लांब न्हाई. पर घराला आग लागल्याली असली तर आठवन येती म्हून कुनी मला आत ढकलायचं का?"

मनुचेहरला शब्द कळले नव्हते, तो नुसता तात्याबाच्या तोंडाकडं बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वकिलाला न शोभणारं.

उपसचिवांनी हुकूम रद्द केला नाही. त्यांना तो करायचाही नव्हता. बोटीचं आणि बंदराचं कलम तेवढं त्यांनी काढून टाकलं. दुसरा कुठला देश घेत असेल तर त्यानं तिकडं जावं, तोवर दर तीन महिन्यांनी पोलिसांत हजेरी लावावी आणि परवाना वाढवून घ्यावा. मी विचारलं, याला कागदोपत्री निर्वासित म्हणायचं का? ते म्हणाले, "आपल्या कायद्यात तसा शब्दच नाही. मुदत वाढवलेला परदेशी इसम म्हणा." जीव वाचला होता, मी वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मनुचेहरनं तात्याबाचे दोन्ही हात धरले, सोडेचना. तात्याबा नुसता म्हणत होता, "जाऊ दे रं, जाऊ दे."

तात्याबाची चौकशी झाली आणि हवालदाराच्या पट्ट्या उतरल्या. नोकरीची शेवटची वर्षं तो पुन्हा शिपाई होता. कुशाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही म्हणे. मनुचेहरला कुठल्याच देशानं घेतलं नाही. मी किती वकिलातींना लिहिलं! उत्तरं सगळीकडून सभ्य, आणि सगळीकडून 'नाही' अशीच. तो भट्टीवरच राहिला. दर तीन महिन्यांनी चौकीत यायचा, आणि त्याला खोलीवरून आणायचं काम सोपानरावांनी मुद्दाम तात्याबाकडं दिलं होतं. मस्करीच ती. दोघं बरोबर चालत यायचे, वाटेत चहा घ्यायचे. मनुचेहर मराठी शिकला, तीही निघोज्याची. 'व्हय' आणि 'न्हाई' अगदी झकास म्हणायचा.

तात्याबा निवृत्त झाला त्याच्या आदल्या आठवड्यात मी काही कामानं त्या चौकीत होतो. मनुचेहरची हजेरी होती. टेबलाशी नवा हवालदार, तरुण, लेखणी उघडून बसलेला. तात्याबानं मनुचेहरला बाकावर बसवलं, पाण्याचा पेला दिला. परत भेट होईल न होईल, असं त्याच्या मनात असावं. सवयीनं, अगदी मायेनं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय मनूशेठ, येती का गावाकडची आठवन?"

मनुचेहरनं तात्याबाकडं पाहिलं. मग टेबलावरच्या लेखणीकडं पाहिलं. त्याच वर्षी त्याची आई गेल्याचं पत्र आलं होतं, मला माहीत होतं, तात्याबाला माहीत होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "कवाच न्हाई येत."

नव्या हवालदारानं ते लिहून घेतलं. मनुचेहरनं सही केली, या खेपेला मराठीत, डावीकडून उजवीकडं, आणि तो भट्टीवर परत गेला.

तात्याबा बाहेर येऊन पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. त्याला समजवावं म्हणून म्हटलं, "शहाणा झाला रे तो. असंच म्हणायला पाहिजे."

"व्हय," तात्याबा म्हणाला. "जीव वाचला त्याचा. पर आईची आठवन न्हाई येत असं मानसाला म्हनाय लावलं बगा आमी." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं. पलीकडं भट्टीतून पावाचा वास यायला लागला होता.